स्क्रीनशॉटमधला कुठला पिक्सेल खरा?

तर हा स्क्रीनशॉट बघा, वीजबिलाच्या अॅपचा समजा, बिलाची रक्कम मोठी ठळक आहे आणि खाली बारीक करड्या अक्षरात ‘अंतिम तारीख’. मागच्या रांगेतल्यांना दिसतंय का? नाही ना. पण ‘दिसत नाही’ म्हटलं की डिझायनर म्हणतो मला तर दिसतंय, म्हणून अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किती फरक आहे याचा आकडा, म्हणजे कॉन्ट्रास्ट रेशो, काढायचा.

रंगाचा कोड सांगणारा कलर पिकर घेतला, अक्षराच्या कडेवर क्लिक केलं, आला #9A9A9A. मागचा रंग पांढरा धरला, रेशो २.८१. नापास! पण थांबा, हा आकडा चुकीचा आहे, कारण अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून फोन तिथे अक्षराचा आणि मागचा रंग मिसळून मधले पिक्सेल भरतो, तो रंग डिझायनरने दिलेलाच नाही. आता ८०० टक्के झूम करा आणि शिरोरेषेच्या मधोमध क्लिक करा. आपल्या देवनागरीचा हा फायदाच आहे बघा, रेघ आडवी, सरळ आणि लांब, त्यामुळे तिच्या पोटात बहुतेक वेळा शुद्ध रंग सापडतो. इथे सापडला #777777. फॉन्ट फारच बारीक असेल तर तिथेही सापडत नाही, मग कोडमधलाच रंग विचारायचा. आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेला नको, कॉम्प्रेशनमध्ये कडेचे रंग अजून बिघडतात, मूळ पीएनजी मागा.

आता मागचा रंग. पांढरा वाटतो पण मजकुरामागची चौकट, म्हणजे कार्ड, आहे #F5F5F5. दोन्ही रंगांची ल्युमिनन्स, म्हणजे काळ्याला ० आणि पांढऱ्याला १ धरून उजळपणा, टूल काढून देतं. इथे ०.९१३१ आणि ०.१८४५, मग:

```
(0.9131 + 0.05) / (0.1845 + 0.05) = 4.11
```

वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ लागतात, म्हणजे नापासच, पण २.८१ आणि ४.११ मध्ये फरक आहे की नाही? गंमत म्हणजे हाच करडा शुद्ध पांढऱ्यावर ठेवला तर ४.४८ येतो आणि लोक ‘साडेचारच झाले की’ म्हणून पास करून टाकतात. राउंड करायचं नाही, ४.४८ पण नापास.

मग कोणीतरी म्हणतं, अहो अक्षर ३९ पिक्सेलचं आहे, मोठ्या मजकुराला ३ चालतात. चालतात, पण ‘मोठा’ म्हणायची २४ पिक्सेलची मर्यादा सीएसएस पिक्सेलची, म्हणजे स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणाऱ्या मापाची आहे (ठळक असेल तर साधारण १८.७) आणि हा फोन तीनपट घनतेचा, म्हणजे ३९ भागिले ३, अक्षर १३ चंच.

दुरुस्ती करताना डिझायनर हमखास #767676 सुचवतो, कारण पांढऱ्यावर ते ४.५४ देतं आणि सगळ्यांना ते पाठ झालंय. पण आपल्या कार्डावर तेच ४.१७ आलं. शेवटी #6B6B6B टाकलं, ४.८९.