वाफ्याला पोट सुटू नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

परसात लाकडी फळ्यांची चौकट करून त्यात माती भरायची आणि भाजी लावायची, हा उद्योग आता बऱ्याच जणांनी सुरू केलाय. शेतकरी रोपांसाठी गादीवाफा करतो, त्याचाच हा चौकटीत बसवलेला भाऊ. कोकणात याचा खरा फायदा पावसाळ्यात होतो, कारण जमिनीवर पाणी तुंबलं तरी मिरची-वांग्याच्या मुळांशी ते राहत नाही.

मी पहिला वाफा केला तो 8 फूट लांब, 4 फूट रुंद आणि दीड फूट उंच. एक इंच जाडीच्या, सहा इंच रुंदीच्या फळ्या, एकावर एक तीन. चारही कोपऱ्यांत खुंट ठोकले, वर तिरक्या पट्ट्या मारल्या. कोपरे असे पक्के झाले की हत्तीने धक्का दिला तरी हलायचे नाहीत. मे महिन्यात माती भरली. जुलैत पाहतो तर कोपरे जागच्या जागी, आणि लांब बाजूला मधोमध अडीच इंच पोट सुटलेलं! जुन्या जांभ्याच्या भिंतीला सुटतं ना, अगदी तसं.

माझी चूक तिथेच होती. पोट सुटणं हा कोपऱ्याचा आजार नाही, तो मधल्या भागाचा आजार आहे. मी औषध मात्र कोपऱ्याला लावून बसलो होतो.

माती किती जोर लावते, याचा ढोबळ हिशेब सांगतो. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला 1,800 किलोच्या आसपास धरा. दीड फूट उंचीच्या, 8 फूट लांबीच्या एका बाजूवर ती साधारण सव्वादोनशे किलोचा रेटा देते, आणि तो रेटा खाली जास्त, वर कमी असतो. उंची निम्मी, म्हणजे नऊ इंच केली, तर रेटा निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. म्हणून बुटक्या वाफ्यांना काही न करता चालून जातं आणि उंच वाफे फसतात.

आता फळी. मधे आधार नसलेली 8 फुटी फळी वाकते म्हणून मी आधी जाड फळी आणायच्या विचारात होतो. आमच्या सुतारकाकांनी अडवलं. "जाडी कशाला वाढवता? मधे एक खुंट मारा की." हिशेब त्यांच्याच बाजूचा निघाला. जाडी दुप्पट केली तर वाक आठवा हिस्सा उरतो आणि लाकडाचा खर्च दुप्पट होतो. तीच फळी ठेवून मधे आधार दिला, म्हणजे आठ फुटांचे चार-चार फूट केले, तर वाक सोळावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो. खर्च काय, तर दोन खुंट. त्यातून ओलं लाकूड सततच्या भाराखाली महिनोन्‌महिने हळूहळू वाकतच राहतं. सुरुवातीचा वाक जितका कमी, तितकं पुढचं दुखणं कमी.

हा मधला खुंट वाफ्याच्या बाहेरून लावायचा. आतून लावला तर माती फळीला खुंटापासून दूर ढकलते आणि सगळा भार स्क्रूवर येतो, स्क्रू उपटून निघायला बघतो. बाहेरून लावला की तीच माती फळीला खुंटावर दाबते, स्क्रू फक्त फळी जागेवर धरायला उरतो. खुंट तीन इंच बाय तीन इंचाचा, अडीच फूट लांब. त्यातला फूटभर जमिनीत. ऐन किंवा किंजळ मिळालं तर उत्तम, आंब्याचं लाकूड नको, ते ओल्या मातीत लवकर कुजतं. पुरलेल्या भागाला आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात, पण हातमोजे घालून, कारण ते कातडी भाजतं.

पण नुसता पुरलेला खुंटही पावसात मऊ झालेल्या जमिनीत हळूच बाहेर कलतो. म्हणून समोरासमोरचे दोन खुंट एकमेकांना बांधायचे. आठ मिलिमीटरचा आटे पाडलेला गज घ्यायचा, तळापासून एक फूट उंचीवर तो एका बाजूचा खुंट आणि फळी, मग वाफ्याची पूर्ण रुंदी, मग समोरची फळी आणि खुंट असा आरपार घालायचा, दोन्ही टोकांना नट. गज स्वतः तुटत नाही. नट लाकडात रुतून सैल पडतो, म्हणून नटाखाली मोठा वायसर हवाच. आणि गजावर आधी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप चढवायचा, आतल्या रुंदीइतकाच कापलेला. त्याने गजाला माती लागत नाही, आणि नट कितीही आवळलात तरी फळ्या आत ओढल्या जात नाहीत. मुळा-गाजर त्या ओळीत लावू नका, एवढंच.

मग कोपरे कशासाठी? चौकट काटकोनात राहावी आणि फळ्यांची टोकं सुटू नयेत म्हणून. फळीच्या टोकातून, म्हणजे जिथे लाकडाचे रेषे उभे कापलेले दिसतात तिथे स्क्रू मारू नका, तो धरत नाही. कोपऱ्यात आत खुंट उभा करा आणि फळीच्या अंगातून खुंटाच्या अंगात जा. लांब बाजूला रेटा जास्त, तिथे प्रत्येक फळीला आरपार बोल्ट आणि वायसर. आखूड बाजूला तीन इंची स्क्रू चालतात. दोन बाजूंची भोकं वरखाली घ्या, नाहीतर आत एकमेकांना भिडतात. वर नऊ-नऊ इंचांवर टेकणारी तिरकी पट्टी ठोका. ती ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. आतली मापं 8 बाय 4 असतील तर कर्ण 8 फूट सव्वाअकरा इंचांच्या जवळपास येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं.

भरताना गज आधी, माती नंतर. थर दोन्हीकडून सारखे टाका आणि पायाने तुडवू नका. तळाच्या फळीखाली बोटभर फट कुठेकुठे ठेवा, पाणी साचलं की रेटा वाढतो. आणि ही चौकट जमिनीवरच! दीड फूट भिजलेली माती चौरस मीटरला आठशे किलोंच्या वर जाते; घराची गच्ची साधारण दीडशे किलोंचा वावराचा भार धरून बांधलेली असते.

माझ्या त्या पोटलेल्या वाफ्याचं पुढे काय झालं, ते सांगतो. फळीलगतची वीतभर माती उपसली. दोन्ही बाजूंच्या फळ्यांभोवती दोरखंड गुंडाळला, त्यात काठी घालून पीळ देत गेलो. दर दोन-चार पिळांना थांबून, कारण एकदम ओढलं तर ओली फळी तडकते. दोन दिवस लागले. पोट अर्ध्या इंचावर आलं, तेव्हा बाहेर खुंट पुरले, गज घातला आणि दोर सोडला. तो अर्धा इंच काही गेला नाही. आता पावसाळ्यात दर पंधरवड्याला वरच्या फळीवर, बाहेरच्या कडेच्या रेषेत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणतो आणि मधे फळी सुतळीच्या किती बाहेर आलीय ते फुटपट्टीने मोजून फळीवर पेन्सिलीने तारीख टाकतो. गेल्या तीन पावसाळ्यांत तो आकडा अर्ध्या इंचावरच आहे. नट मात्र मी दर वर्षी मे महिन्यात, लाकूड सुकून आक्रसलेलं असताना, एकदा आवळतो.

नमस्कार.