सॅनिटायझरमधल्या पाण्याचं काम

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन बाटल्या. एकीच्या लेबलवर ९९ टक्के अल्कोहोल, दुसरीच्या ७० टक्के.)

हातांवरचे जंतू मारायचे आहेत, तर यातली कुठली बाटली उचलाल? बहुतेकांचा हात ९९ कडे जातो. दवाखान्यात मात्र दुसरी बाटली वापरतात, आणि ती पाणी घातलेली आहे. हे पाणी काटकसर म्हणून घातलेलं नाही. ते नसेल तर अल्कोहोलचं काम अडतं.

(दृश्य: काचेच्या वाटीत अंड्याचा पांढरा भाग. वरून अल्कोहोलची धार.)

अंड्याचा पांढरा भाग म्हणजे पाण्यात विरघळलेली प्रथिनं. अल्कोहोल पडताच जिथे धार लागली तिथे दुधी पापुद्रे धरतात आणि थोड्या वेळात सगळा ऐवज गोळा होऊन बसतो. विस्तवाशिवाय शिजल्यासारखाच. जंतूचंही असंच होतं. प्रथिन म्हणजे नेमक्या घड्या घालून गुंडाळलेला एक लांब धागा. त्याचे पाण्याला टाळणारे भाग आत दडलेले असतात, पाण्याशी जमणारे बाहेर. अल्कोहोलचं दोघांशीही पटतं. ते आत शिरतं, घड्या सैल होतात, धागा उलगडतो आणि भलत्याच धाग्यांत गुंततो. एकदा असा गुंता झाला की जंतूचा कारभार थांबला.

आता हाच प्रयोग ९९ टक्केवाल्या बाटलीने केला तरी अंडं गोठतंच. मग बिघडलं कुठे? इथेच हा प्रयोग आपल्याला चकवतो. अंड्याच्या पांढऱ्या भागात जवळजवळ ९० टक्के पाणीच असतं. म्हणजे आपण शुद्ध अल्कोहोल ओतलं, तरी वाटीत पाणी आधीपासून होतं.

(दृश्य: हाताच्या तळव्याचा अगदी जवळून घेतलेला शॉट. कोरडी त्वचा, रेषा.)

कोरड्या हातावरच्या जंतूला ही सोय नाही. घडी उलगडायची तर धाग्याला हलायला मोकळीक हवी, आणि ती मोकळीक पाणी देतं. घडीतले जुने बंध सुटले की पाण्याचे रेणू त्यांची जागा घेतात आणि धागा सरकतो. पाणीच नसेल तर प्रथिन आहे त्याच आकारात ताठ होऊन बसतं. कडक वाळलेल्या कातड्याची घडी जशी उलगडत नाही, तसं.

१९०३ साली हॅरिंग्टन आणि वॉकर या दोन संशोधकांनी ओले आणि वाळवलेले जिवाणू वेगवेगळ्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवून पाहिले. ओल्यांवर तीव्र अल्कोहोल चाललं, वाळलेल्यांवर तेच निकामी ठरलं. वाळलेल्यांसाठी साधारण ६० ते ७० टक्क्यांचं मिश्रण सरस निघालं.

याहून गमतीचा पुरावा १९८४ चा. एमआयटीमध्ये झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी चरबी पचवणारं एक एन्झाइम, म्हणजे एक प्रथिनच, जवळपास पाणी नसलेल्या द्रवात ठेवलं आणि तो द्रव १०० अंशांपर्यंत तापवला. त्या द्रवातही एक अल्कोहोलच होतं. पाण्यात या तापमानाला हे एन्झाइम लगेच निकामी होतं. कोरड्या द्रवात ते तासन् तास काम करत राहिलं. बिनपाण्याचं अल्कोहोल प्रथिन मोडायच्या ऐवजी जपून ठेवतं, ते असं.

दुसरी अडचण साधी आहे. शुद्ध अल्कोहोल फार भराभर उडून जातं. सॅनिटायझरने हात २० ते ३० सेकंद ओले राहायला हवेत. पाण्यामुळे हा वेळ मिळतो. पण पाणी वाढवत नेलं, तर ६० टक्क्यांच्या खाली मारक्षमता घसरू लागते. म्हणून तळहातावर थेंबभर घेऊन चोळण्यात अर्थ नाही, आणि ओल्या हातांवर घेतलं तर मिश्रण तिथल्या तिथे पातळ होतं.

(दृश्य: मोठं मोजपात्र, त्यात हळूहळू चढणारी द्रवाची पातळी.)

जागतिक आरोग्य संघटनेची दहा लिटरची कृती बघा. ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिलिलिटर. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर. ग्लिसरीन १४५ मिलिलिटर, ते त्वचेसाठी. मग उकळून गार केलेलं किंवा ऊर्ध्वपातित पाणी, दहा लिटरच्या खुणेपर्यंत. ८३३३ चे ९६ टक्के म्हणजे ८०००, म्हणजे दहा लिटरमध्ये बरोबर ८० टक्के अल्कोहोल. पाणी वेगळं मोजून ओतायचं नाही, खुणेपर्यंत भरायचं. कारण अल्कोहोल आणि पाणी एकत्र आले की आकसतात. अर्धा लिटर हे आणि अर्धा लिटर ते मिसळा, पुरा लिटर भरत नाही.

यातलं पेरॉक्साइड एवढंसं आहे. हातांवर त्याचा काही उपयोग नाही. मग ते कशाला?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे लंबगोल ठिपके.)

हे बीजाणू. काही जिवाणूंना दिवस वाईट आले की ते आपला ऐवज आत बंद करून अशी कुपी बनवतात. बाहेर प्रथिनांची जाड कवचं, आत फार कमी पाणी असलेला गाभा. आणि आपली गोष्ट इथे पुन्हा त्याच जागी येते. अल्कोहोलला लागणारं पाणी गाभ्यात पुरेसं नाही, आणि कवच अल्कोहोलला आत येऊ देत नाही. बाटलीत हवं तेवढं पाणी घाला, बीजाणू ढिम्म. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्येच दाखवलं होतं की अँथ्रॅक्सचे बीजाणू अल्कोहोलमध्ये मरत नाहीत.

रुग्णालयांना डोकेदुखी होते ती क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल या जिवाणूची. अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांना त्याचे जुलाब लागतात, आणि बीजाणू हातांवरून पसरतात. प्रयोगशाळेत हा जिवाणू शोधायची एक पद्धत अशी: शौचाचा नमुना तितक्याच अल्कोहोलमध्ये मिसळून तासभर ठेवायचा, मग पोषक माध्यमावर पसरायचा. बाकीची गर्दी मेलेली असते, बीजाणू उगवून येतात. आपण ज्याने हात स्वच्छ करतो, त्याचाच तिथे गाळणीसारखा वापर! म्हणून अशा रुग्णाजवळ हातमोजे घालतात आणि नंतर साबणाने हात धुतात. साबण बीजाणू मारत नाही, पण चोळण्याने आणि धारेने ते सुटून वाहून जातात.

विषाणूंचं थोडं वेगळं आहे. फ्लू किंवा कोरोना विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोल सहज फाडतं. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस, हिपॅटायटिस ए, पोलिओ यांना ते आवरणच नाही, नुसतं प्रथिनांचं चिवट कवच आहे. त्यांच्यापैकी काहींवर ७० टक्क्यांपेक्षा ९० च्या पुढचं अल्कोहोल अधिक चालतं, म्हणजे ७० हा आकडा सगळ्यांनाच लागू आहे असंही नाही. घरात उलट्यांची साथ असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नका, बेसिनपाशी जा.

(दृश्य: भरलेल्या बाटल्यांची रांग. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी.)

आता ते पेरॉक्साइड. बीजाणू अल्कोहोलच्या पिंपातून येऊ शकतात, बाटलीच्या तळाशी असू शकतात. सॅनिटायझर स्वतःच ते हातांवर पोचवेल. म्हणून भरलेल्या बाटल्या लगेच वाटायच्या नसतात. ७२ तास झाकण लावून बाजूला ठेवायच्या. त्या तीन दिवसांत पेरॉक्साइड बीजाणूंचा निकाल लावतं, आणि मग बाटली वापरायला काढायची.