सटरफटरची बेचाळीस रूपं

(परभणीतल्या एका महाविद्यालयात गणिताच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सेलूजवळच्या एका खेड्यात माझे एक मित्र शाळेवर गुरुजी आहेत. लेकरांच्या खेळासाठी त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यातून अक्षरं कापली. काना-मात्रा, वेलांटी काही नसलेला शब्द हवा होता, म्हणून त्यांनी घेतला ‘सटरफटर’. म्हणजे सहा पुठ्ठे झाले: स एक, फ एक, ट दोन आणि र दोन. यातले कोणतेही तीन उचलायचे, ओळीत मांडायचे आणि जे होईल ते वहीत लिहायचं. अर्थ असो-नसो, ‘फटर’ही चालेल आणि ‘टटस’ही. लेकरांनी दोन दिवस खपून ३९ शब्द काढले. गुरुजींचा मला फोन आला, “संपले का बघ सगळे.” मी कागदावर जरा आकडेमोड केली आणि म्हणलं, “तीन राहिले, गुरुजी.” संध्याकाळी ते तिन्ही सापडले: ररफ, रफर, फरर.

हा ४२ आकडा आला कुठून, एवढंच आज सांगायचं आहे.

इथे बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी मनात ६ × ५ × ४ = १२० केलं असेल. सहाही पुठ्ठे वेगळे असते तर ते बरोबर होतं. पण दोन ट सारखेच दिसतात, दोन र सारखेच दिसतात. मग कुणी म्हणेल, दोनदा दोनाने भागा, ३० आले. तेही चूक, आणि ती कशी चूक आहे हे नीट बघा. ‘सफट’ हा शब्द त्या १२० मध्ये दोनदा मोजला गेला, कारण ट या पुठ्ठ्याने यावं की त्या, एवढीच निवड होती. ‘सटर’ मात्र चारदा मोजला गेला, कारण ट दोन प्रकारे आणि र दोन प्रकारे येऊ शकतो. काही शब्द दोनदा, काही चारदा. सगळ्यांना एकाच आकड्याने भागून भागत नाही.

सगळी अक्षरं वापरायची असती तर अडचणच नव्हती. त्याचं उत्तर भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, देऊन ठेवलं आहे. त्या भागाचं नाव अंकपाश. तिथे ते विचारतात, २, २, १, १ या अंकांपासून किती संख्या होतील? चार अंकांचं क्रमगुणित २४, त्याला दोन दोनांसाठी २ ने भागा, दोन एकांसाठी पुन्हा २ ने भागा, उत्तर ६. आपल्या भाषेत, ‘कटकट’ या शब्दाची अक्षरं ६ प्रकारे लागतात. त्यांचं पुढचं उदाहरण ४, ८, ५, ५, ५ असं आहे, तिथे १२० ला ६ ने भागून २० येतात.

आपली अडचण वेगळी आहे. आपल्याला सहातले तीनच घ्यायचे आहेत, आणि कोणते तीन ते ठरलेलं नाही. म्हणून आधी मुठी मोजू. मूठ म्हणजे तीन पुठ्ठे नुसते उचलले, अजून मांडले नाहीत. तिन्ही वेगळे असतील अशा मुठी चार, कारण स, फ, ट, र यांतलं एक अक्षर सोडायचं. दोन सारखे आणि एक वेगळा अशा मुठी सहा: टट सोबत स, फ किंवा र, आणि रर सोबत स, फ किंवा ट. एकूण दहा मुठी. पहिल्या चारातली प्रत्येक मूठ ६ शब्द देते, नंतरच्या सहातली प्रत्येक ३. २४ आणि १८ मिळून ४२. लेकरांच्या हातून रर आणि फ ही अख्खी मूठच निसटली होती, म्हणून बरोबर तीन शब्द कमी पडले. एखाद-दुसरा शब्द विसरणं आणि एक अख्खी मूठ विसरणं या दोन वेगळ्या चुका आहेत. दुसरी हाताने मोजताना हमखास होते.

आता भास्कराचार्यांचं सूत्र या दहा मुठींवर पुन्हा बघा. प्रत्येक मुठीत तीनच पुठ्ठे आहेत, म्हणून वरचं 3! सगळीकडे तेच. बदलतो तो फक्त खालचा भाग. मग 3! बाहेर काढून ठेवू, शेवटी एकदाच गुणू. आत काय उरलं? वेगळ्या अक्षरांच्या मुठीचं वजन १, जोडी असलेल्या मुठीचं वजन अर्धं. चार पूर्ण आणि सहा अर्धे, बेरीज ७. सात सक बेचाळीस.

आणि हे वजन अक्षरागणिक सुटं होतं. टने आपल्या वाट्याचा भागाकार आणायचा, रने आपल्या वाट्याचा. ट एकदाही आला नाही किंवा एकदा आला तर १, दोनदा आला तर १/२. एकाला दुसऱ्याची चौकशी करावी लागत नाही. सुट्या गोष्टींचा गुणाकार होतो, आणि सगळे पर्याय एकत्र धरायचे तर बहुपदींचा गुणाकार होतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक कंस द्यायचा. x चा घात म्हणजे ते अक्षर किती वेळा आलं, आणि त्याच्याखाली त्याच आकड्याचं क्रमगुणित. स आणि फ यांचे कंस (1 + x), ट आणि र यांचे (1 + x + x²/2!). कंसातला 1 म्हणजे अक्षर घेतलंच नाही.

```
(1 + x)² · (1 + x + x²/2)²
= (1 + 2x + x²) · (1 + 2x + 2x² + x³ + x⁴/4)
= 1 + 4x + 7x² + 7x³ + (17/4)x⁴ + (3/2)x⁵ + (1/4)x⁶
```

यालाच एक्स्पोनेन्शियल जनरेटिंग फंक्शन म्हणतात, मराठीत घातांकी जनक फल. नाव जरा भारदस्त आहे. ते येतं कुठून, तर अक्षर वापरायला मर्यादाच नसेल तर कंस 1 + x + x²/2! + x³/3! असा न संपणारा होतो, आणि ती मालिका म्हणजे e चा x वा घात. आपली मर्यादा म्हणजे ही मालिका कुठेतरी तोडणं. ट दोनच आहेत, म्हणून x² नंतर कात्री.

x³ चा सहगुणक ७ आहे, तो आपण मुठींवरून काढलेलाच ७. त्याला 3! ने गुणलं की ४२. तसंच प्रत्येक घाताचं करा. एका अक्षराचे शब्द ४, दोनाचे १४, तीनाचे ४२, चाराचे १७/४ गुणिले २४ म्हणजे १०२, पाचाचे १८० आणि सहाचेही १८०. हाताने मुठी मोजायच्या तर प्रत्येक लांबीसाठी नव्याने बसावं लागतं. इथे एका गुणाकारात सगळ्या लांब्या येतात.

पाच आणि सहा दोन्हीकडे १८० आले, तो योगायोग नाही. सहा अक्षरांच्या शब्दाचं शेवटचं अक्षर झाकून ठेवा. समोरच्या पाचांवरून झाकलेलं कोणतं ते सांगता येतं, कारण उरलेला पुठ्ठा एकच. म्हणून दोन्हींची संख्या सारखी असलीच पाहिजे, शब्द कोणताही घ्या. उत्तर तपासायची मला ही सगळ्यात आवडती रीत, फुकटात होते.

आता चुका. पहिली अगदी साधी, सहगुणक ७ वाचून तेच उत्तर म्हणून लिहायचं, 3! ने गुणायचं राहूनच जातं. पुढे x⁴ ला १७/४ आलं की माणूस जागा होतो, सव्वाचार शब्द कसे असतील? पण x³ ला पूर्णांक आला म्हणून तिथे चूक दडून राहते. उलटही लक्षात ठेवा: क्रमगुणिताने गुणल्यावरही अपूर्णांक राहिला, तर गुणाकार कुठेतरी बिघडला आहे.

दुसरी चूक जास्त लबाड. x² खालचा २ लिहायचा राहतो आणि कंस (1 + x + x²) होतो. मग x³ चा सहगुणक १० येतो. १० म्हणजे मुठींची संख्या, ती बरोबरच आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचा आकडा. त्याला ६ ने गुणून ६० शब्द लिहिलेत तर टटस सारख्या प्रत्येक मुठीला तीनाऐवजी सहा शब्द दिलेत. नुसतं उचलायचं असेल तर क्रमगुणित नको, ओळीत मांडायचं असेल तर हवं.

तिसरी चूक त्या कंसातल्या 1 ची. समजा गुरुजी म्हणाले, शब्दात फ आलाच पाहिजे. मग फ च्या कंसातून 1 काढायचा, नुसता x ठेवायचा. x³ चा सहगुणक ४ होतो, म्हणजे २४ शब्द. फ नसलेले उरले १८. हा 1 कधी ठेवायचा आणि कधी काढायचा, ते प्रश्नातल्या ‘जास्तीत जास्त’ आणि ‘किमान’ या शब्दांवर ठरतं. ते घाईत वाचू नका.

मघाशी एकीने चिठ्ठी पाठवली: ‘तुळजापूर’ किंवा ‘नागनाथ’ घेतलं तर? नागनाथमध्ये ‘ना’ हा एकच पुठ्ठा मानला तर ना दोन, ग एक, थ एक, गणित हेच. पण न आणि काना वेगवेगळे कापले तर काना ओळीच्या सुरुवातीलाच येऊन बसेल आणि ते कुणाला वाचता येणार नाही. हे फल फक्त एवढंच पाहतं की कोणता पुठ्ठा किती वेळा आला. कोण कुणाच्या शेजारी बसला, ते त्याला दिसत नाही.

आणि हीच त्याची मर्यादा. गुरुजींनी नंतर विचारलंच, “सहाही अक्षरं वापरायची, पण टट शेजारी नको आणि ररही नको, तर किती?” इथे कंस बदलून काही होत नाही. आधीच्या १८० मधून वजाबाकी करावी लागते. टट एकत्र चिकटवून एक पुठ्ठा केला तर पाच पुठ्ठे राहतात, त्यांत र दोन, म्हणून १२० भागिले २, म्हणजे ६०. रर चिकटवले तरी ६०. दोन्ही जोड्या चिकटवल्या तर चार वेगळे पुठ्ठे, २४ मांडण्या, आणि त्या दोनदा वजा झाल्या म्हणून एकदा परत मिळवायच्या. १८० − ६० − ६० + २४ = ८४. गुरुजींच्या वर्गात सध्या ते ८४ शोधणं चालू आहे, काल संध्याकाळपर्यंत ७१ झाले होते.