वरणातला हिंग

(चुलीवर पातेलं, बाहेर पावसाची झड. रवीचा आवाज.)

अमळनेरकडचं एक गाव. आषाढातली कांदेनवमी होऊन गेली आहे, म्हणजे या घरात आता चार महिने कांदा-लसूण नाही. आज काकूंचा वरण-बट्टीचा बेत आहे. बट्ट्या उकडून निघाल्यात, कापून तळायच्या बाकी आहेत. तूरडाळ शिजून घोटली जातेय. एरवी या वरणाच्या फोडणीत ठेचलेला लसूण पडतो. आज त्याची जागा हिंग घेणार.

(जवळून: तळहातावर पिवळी हिंगपूड.)

डबीतली ही पूड म्हणजे नुसता हिंग नव्हे. हिंग हा अफगाणिस्तान, इराणकडच्या एका वनस्पतीच्या मुळातून पाझरणारा चीक. तो वाळला की इतका उग्र असतो, की दळून विकताना त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळतात. हाच बांधणीचा हिंग. (गव्हाचं वावडं असलेल्यांनी पाकीट उलटून वाचावं, मैदा तिथे लिहिलेला असतो.) फोडणीत हिंग लवकर करपतो त्याचं मोठं कारण हेच पीठ.

किती घालायचा? एक वाटी डाळ, चार माणसं. बांधणीचा हिंग चहाच्या चमच्याचा पाव भाग. लसूण असेल तर याच्या निम्मा पुरे. खडा हिंग असेल तर मुगाच्या दाण्याएवढाच. हात सैल सुटला तर वरण कडवट होतं आणि तो कडूपणा चिंच-गुळानेही झाकला जात नाही. साधी डाळ वाढवून पातळ करणं हाच त्यावरचा इलाज.

(कढलं तापतंय. शेंगदाण्याचं तेल.)

आता खरी गंमत. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं फुललं. इथे काकू कढलं चुलीवरून खाली उतरवतात. मग हिंग. बघा, कडेने बारीक फेस आला, पूड फुगली. वास आधी नाकात घुसतो आणि दोन-तीन सेकंदांतच मऊ पडतो, लसणाच्या जवळ जातो. लगेच हळद, तिखट, आणि फोडणी वरणात. चर्रर्र!

हिंगाचा वास गंधकाच्या संयुगांचा. ती तेलात चांगली उतरतात, म्हणून हिंगाला आधी तेल लागतं. पूड थेट उकळत्या डाळीत टाकली तर बराच वास वाफेबरोबर निघून जातो आणि उरलेला कच्चा लागतो.

चूक दोन बाजूंनी होते. तेल थंड असलं की पूड तळाशी गप्प बसते, फेस येत नाही, आणि वरणाला तोच कच्चा, नकोसा दर्प राहतो. तेल धुरावलं असलं तर पूड पडताक्षणी तपकिरी होते आणि नाकाला करपल्याचं कळतं. अशा वेळी काकू हळहळत बसत नाहीत. कढलं पुसून पुन्हा पळीभर तेल घेतात. ‘‘हिंग जयना का वरन कडू लागस,’’ त्या म्हणतात. तेल वाया गेलं तरी पातेलंभर वरण वाचतं.

खडा हिंग वापरायचा तर एवढी घाई नसते. चमचाभर कोमट पाण्यात खडा भिजवायचा, पाणी दुधाळ झालं की फोडणी घातल्यावर वरणात ओतायचं आणि एक उकळी द्यायची. माझं मत विचाराल तर पंगतीच्या मोठ्या वरणाला हेच बरं, कारण हाताशी गडबड असताना करपायची भीती नाही.

(फडताळ. काचेची बाटली, तिच्याभोवती स्टीलचा डबा.)

आणि हा वास सांभाळायचा कसा? मी एकदा हिंगाचं उघडं पाकीट चहापुडीच्या शेजारी ठेवलं होतं. आठवडाभर घरातल्या चहाला फोडणीचा वास होता, आणि पाहुण्यांनी तो निमूट प्यायला. तेव्हापासून हिंग मिसळणाच्या डब्यात नाही. घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत तो भरायचा आणि ती बाटली स्टीलच्या डब्यात ठेवायची. प्लास्टिक वास धरून बसतं, मग तो डबा दुसऱ्या कशाच्याच कामाचा राहत नाही. फ्रीजमध्ये नको, तिथे दूध-लोणी वास ओढून घेतं.

बाटली वाफाळत्या पातेल्यावर धरून शिंपडू नका. वाफ आत गेली की पुडीचे गोळे होतात. कोरड्या चमच्याने काढा. खानदेशातल्या मे महिन्यात खडा हिंग मऊ पडून चिकटतो. तो कागदात गुंडाळून, चुलीपासून लांबच्या फळीवर. कुटताना खलात चिमूटभर तांदळाचं पीठ टाकलं की बत्त्याला चिकटत नाही.

(पाटावर ताटं. वरणाची धार बट्टीवर.)

काकूंनी बाटलीचं झाकण दाबून बसवलं, डबा बंद केला आणि बोटं राखेने घासून धुतली.