पोहणाऱ्याचा खांदा का दुखतो

(जलतरण मंडळाच्या सभासदांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आज मी फक्त फ्रीस्टाइलबद्दल बोलणार आहे, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचं बहुतेक अंतर त्यातच जातं आणि माझ्याकडे येणारे दुखरे खांदेही बहुतेक त्यातलेच असतात.

एका बाईंचं उदाहरण घेऊ. वय बेचाळीस, बँकेत नोकरी, दिवसभर संगणकासमोर बसणं. काही वर्षं त्या आठवड्यातून तीन दिवस पंधराशे मीटर पोहत होत्या आणि कधी काही दुखलं नाही. मग मालवणला चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या समुद्री स्पर्धेत उतरायचं त्यांनी ठरवलं. दीड महिन्यात त्या आठवड्याला चार दिवस आणि दर खेपेला तीन हजार मीटरवर गेल्या. हाताला जोर यावा म्हणून पॅडल्स घेतले. पाचव्या आठवड्यात डावा खांदा पुढून आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागला. आधी पोहून झाल्यावर दुखायचा, मग शेवटच्या हजार मीटरला, मग पाण्यात उतरल्याबरोबर. रात्री त्या कुशीवर झोपता येईना.

आता जरा हिशेब करू. पंचवीस मीटरच्या तलावात एका फेरीला त्या साधारण वीस हात मारत, म्हणजे एका हाताचे दहा. पंधराशे मीटरच्या साठ फेऱ्या, म्हणजे एका खांद्याला सहाशे हात. आठवड्याचे अठराशे. तीन हजार मीटर चार दिवस झाल्यावर हेच अठ्ठेचाळीसशे झाले, शिवाय पॅडल्समुळे प्रत्येक हाताला पाण्याचा दाब जास्त. दमल्यावर फेरीला वीसचे चोवीस हात व्हायला लागतात, म्हणजे खरा आकडा याहूनही मोठा. खांद्याच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे ते चिवट दोर, एवढी वाढ दीड महिन्यात पेलत नाहीत. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला महिने लागतात.

पण मग उजवा खांदा का नाही दुखला? त्यानेही तेवढेच हात मारले होते. या प्रश्नाचं उत्तर पोहण्याच्या ढबीत आहे.

त्यासाठी खांद्याची रचना समजून घ्यावी लागेल. दंडाच्या हाडाचं डोकं गोल आणि मोठं, आणि ते ज्या खोबणीत बसतं ती उथळ आणि लहान. लिंबू-चमच्याची शर्यत आठवा. चमचा म्हणजे पाठीवरचं ते त्रिकोणी हाड, खांद्याचा फरा. हात डोक्यावर जातो तेव्हा हा चमचाही फिरून लिंबाच्या खाली यावा लागतो. फऱ्याला असा फिरवणारा आणि बरगड्यांना चिकटवून धरणारा मुख्य स्नायू म्हणजे सेरेटस अँटिरियर. लिंबू चमच्याच्या मधोमध धरून ठेवणारे चार लहान स्नायू म्हणजे रोटेटर कफ. त्यातला सुप्रास्पायनेटस सर्वात वर, आणि पोहणाऱ्यांमध्ये बहुतेक वेळा दुखते ती त्याचीच कंडरा.

फ्रीस्टाइलमध्ये हात मारण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सेरेटस जवळजवळ सतत काम करतो, त्याला विश्रांतीच मिळत नाही. म्हणून तो आधी थकतो. तो थकला की फरा मागे राहतो, लिंबू पुढे-वर सरकतं आणि सगळा ताण कंडरेवर येतो. शेवटच्या हजार मीटरला दुखणं सुरू होतं ते याच कारणाने. दुखतं खांद्याच्या पुढच्या बाजूला, आणि हार मानलेली असते काखेखालच्या आणि पाठीवरच्या स्नायूंनी.

1974 साली केनेडी आणि हॉकिन्स या अस्थिरोगतज्ज्ञांनी या दुखण्याला ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव दिलं. वरचं हाड कंडरेला घासतं, असं तेव्हा मानलं जाई. त्या दोघांच्या नावाची एक तपासणी आजही आम्ही करतो. हात समोर खांद्याच्या उंचीवर, कोपर काटकोनात, आणि मग पंजा खाली येईल असा दंड आतल्या बाजूला फिरवायचा. दुखऱ्या खांद्याचा माणूस कळवळतो. आता पाण्यात अंगठा आधी घालून, हात डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे नेणाऱ्या माणसाकडे बघा. हात उचललेला, आत वळलेला आणि छातीच्या आडवा गेलेला. दर फेरीला दहा वेळा तो ही तपासणी स्वतःवर करतोय, वर पाण्याचा दाब घेऊन.

हाड घासण्याच्या जुन्या कल्पनेबद्दल एक सांगायलाच हवं. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. खांदेदुखीच्या काही रुग्णांचं ते वरचं हाड तासलं आणि काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांच्या दुखण्यात एकमेकांच्या तुलनेत म्हणावा असा फरक दिसला नाही. ते रुग्ण पोहणारे नव्हते, सर्वसाधारण लोक होते. तरी यावरून मी एवढं नक्की म्हणेन की कंडरा न फाटलेल्या पोहणाऱ्याने ‘हाड वाढलंय’ एवढं ऐकून शस्त्रक्रियेला तयार होऊ नये. कंडरेवर भार किती आला आणि हात कोणत्या स्थितीत असताना आला, हे आधी तपासावं.

पुन्हा बाईंकडे येऊ. त्यांच्या पोहण्याचं चित्रीकरण आम्ही समोरून आणि कठड्यावरून केलं. मोबाइल पुरतो. त्या फक्त उजवीकडे श्वास घेत होत्या. उजवीकडे श्वास घेताना अंग वळतं, उजवा खांदा पाण्याबाहेर येतो आणि उजवा हात सहज पुढे जातो. दुसऱ्या बाजूला मात्र अंग वळतच नव्हतं. सपाट अंगावरून डावा हात नुसत्या खांद्याच्या जोरावर फिरवून आणावा लागत होता. शिवाय श्वासासाठी डोकं वर उचललं जाई, आणि त्या क्षणी पुढे असलेला डावा हात कोपर न वाकवता सरळ खाली पाणी दाबून डोक्याला आधार देत होता. लांब हात, पूर्ण ताणलेला खांदा आणि खाली रेटा, यापेक्षा वाईट स्थिती कंडरेसाठी शोधून सापडणार नाही. त्यात डावा पंजा अंगठा खाली करून मध्यरेषा ओलांडत होता.

मी त्यांना पोहणं बंद करा असं सांगितलं नाही. पूर्ण विश्रांतीने दुखणं थांबतं, पण कंडरा आणखी कमजोर होते, आणि परत उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात तेच घडतं. पहिले दोन आठवडे खेपेला आठशे मीटर, तेही पंचवीस-पंचवीसच्या तुकड्यांत, मध्ये थांबून. पॅडल्स बंद. किकबोर्डसुद्धा बंद, कारण हात डोक्यापुढे ताणून फळीवर भार दिला की खांदा नको त्याच स्थितीत अडकतो. पाय मारायचे तर हात अंगालगत ठेवून पाठीवर.

ढबीत एका वेळी एकच बदल केला. पहिला, अंग दोन्ही बाजूंना वळवणं. कुशीवर राहून सहा वेळा पाय मारायचे, मग एक हात मारून दुसऱ्या कुशीवर. दोन्ही खांदे आलटून पालटून पाण्याबाहेर दिसले पाहिजेत. तीन हातांनी एक श्वास घेतला की बाजू आपोआप बदलते. सुरुवातीला नाकातोंडात पाणी जातं, दोन-तीन आठवड्यांत जमतं. दुसरा, पंजा बोटांच्या टोकांनी, खांद्याच्या सरळ रेषेत पाण्यात घालणं. मध्यरेषा ओलांडणाऱ्याला हात बरोबर रेषेत पडला की तो फारच बाहेर पडल्यासारखा वाटतो, म्हणून स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका, चित्रीकरण बघा. तिसरा, श्वास घेताना एक डोळा पाण्यातच ठेवायचा. म्हणजे डोकं वर उचललं जात नाही, नुसतं वळतं, आणि पुढच्या हाताला खाली दाबावं लागत नाही.

इथे प्रशिक्षकांना एक विनंती. ‘कोपर उंच ठेवा’ हे बरोबर आहे, पण अंग वळायला शिकण्याआधी ते शिकवू नका. सपाट अंगावर कोपर उंच धरायला गेलं की दंड आत फिरतो आणि आपण त्याच तपासणीच्या स्थितीत पोचतो.

ताकदीसाठी तीनच व्यायाम दिले, आठवड्यातून तीन दिवस. एक, काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर काटकोनात, आणि रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढणं. पोहण्याने हात आत वळवणारे स्नायू दणकट होतात आणि बाहेर वळवणारे मागे पडतात, तो तोल यातून सावरतो. दोन, पट्टा दाराला बांधून दोन्ही कोपरं मागे नेत फरे जवळ आणणं. तीन, सेरेटससाठी भिंतीवर जोर. हात सरळ झाले तरी तिथे न थांबता भिंत आणखी थोडी ढकलायची, इतकी की पाठीवरचे फरे एकमेकांपासून दूर जातील. जमलं की टेबलावर, मग जमिनीवर. प्रत्येकाचे पंधरा-पंधराचे तीन गट, परत येताना हळू. शेवटचे तीन-चार जड गेले पाहिजेत, नाहीतर पट्टा बदला. हे पोहण्याच्या लगेच आधी करू नका. थकलेला सेरेटस घेऊन पाण्यात उतरण्यात काही अर्थ नाही. आणि पोहण्याआधी मित्राकडून हात मागे खेचून घेण्याची पद्धत कृपा करून सोडा. पोहणाऱ्यांचे खांदे पुढून बहुधा आधीच सैल असतात. ताठ असते ती पाठ, विशेषतः दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची.

अंतर कसं वाढवायचं? पोहताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर आलेलं हवं. आलं नाही तर अंतर वाढवायचं नाही. असं करत बाईंना रात्रीची झोप चौथ्या आठवड्यात परत मिळाली, आणि बाराव्या आठवड्यात त्या न दुखता चोवीसशे मीटरवर आल्या. समुद्रासाठी अजून एक तयारी लागली. तलावात दर पंचवीस मीटरला भिंत ढकलताना खांद्याला क्षणभर उसंत मिळते, समुद्रात ती नाही. दिशा बघायला डोकं वर काढलं की पुढचा हात पुन्हा खाली दाबला जातो. म्हणून नुसते डोळे पाण्यावर काढून, श्वास मात्र नंतर बाजूला वळून घेण्याचा सराव त्यांनी तलावातच केला.

मघाशी एका काकांनी विचारलं, वेदनाशामक गोळी घेऊन पोहलं तर? नको. अंतर वाढवायचं की नाही हे तुम्ही दुखण्यावरूनच ठरवणार आहात, आणि गोळीने तेवढंच कळेनासं होतं. डॉक्टरांकडे कधी जायचं तेही सांगते. एकदम कळ येऊन हात उचलताच येईनासा झाला, खांदा निखळल्यासारखा वाटला, कोपराखाली मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर थांबू नका. मुंग्यांचं मूळ बरेचदा मानेत असतं आणि त्यावर हे व्यायाम उपयोगाचे नाहीत. दुसऱ्याने धरूनही हात बाहेर वळत नसेल तर तो गोठलेला खांदा असू शकतो, चाळिशीनंतर आणि मधुमेह असलेल्यांमध्ये जास्त, आणि त्याचा उपचार वेगळा. आणि सहा आठवडे नीट करूनही काहीच फरक पडला नाही, तर सोनोग्राफी करून कंडरा फाटली आहे का ते बघावं लागतं.