बाही उलटी लागली तर

नमस्कार श्रोतेहो. मी इचलकरंजीत गेली 22 वर्षं ब्लाउज शिवते. दुकान म्हणजे घराच्या पुढची खोली. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीला लटकलेल्या कापडी पिशव्या. चार वर्षांपूर्वी मी यूट्यूबवर चॅनेल काढलं आणि आज माझ्या दारात येणाऱ्या नव्या बायकांतल्या बऱ्याच जणी आधी व्हिडिओ बघून आलेल्या असतात. ते कसं जमलं आणि आधी काय चुकलं, ते सांगते.

पहिला व्हिडिओ मी केला ‘साधा ब्लाउज पूर्ण शिका’. अठरा मिनिटांचा. सुरुवातीला माझी ओळख, मग कात्री, टेप, खडू दाखवला, मग मापं. यूट्यूब स्टुडिओत एक आलेख असतो, बघणारे कुठपर्यंत थांबले ते त्यात दिसतं. माझी रेघ पहिल्या मिनिटातच जिना उतरावा तशी खाली आली होती. कात्री कोणाला बघायची असते? ज्या बाईला ब्लाउज शिवायचाय तिच्या घरी कात्री असतेच.

दुसरा धडा एका गिऱ्हाईक बाईनं दिला. शेजारच्या गावची मुलगी स्वतः शिवलेला ब्लाउज घेऊन आली. म्हणाली, ‘मावशी, सगळं मापात आहे, पण काखेपाशी पुढं चुण्या पडतात.’ मी बघितलं. दोन्ही बाह्या अदलाबदल लागल्या होत्या, डावी उजवीला, उजवी डावीला.

आता रेडिओवर हे हातात धरून दाखवता येत नाही, पण डोळ्यासमोर आणा. ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापलेला असतो, कारण हात पुढं येतो तेव्हा तिथं कापड गोळा होतं. बाहीचीही पुढची बाजू तशीच आत खोलवर कापतात. बाही बदलली की बाहीची भरलेली बाजू पुढच्या खोल मुंढ्यात बसते. जादा कापडाच्या चुण्या पुढं पडतात आणि मागं कापड कमी पडून हात पुढं केला की पाठीत ओढ बसते. म्हणून ओळखायचं असं, की पुढं चुणी आणि मागं ओढ, दोन्ही एकदम असतील तर बाही उलटी लागलीय. नुसती चुणीच असेल, ओढ नसेल, तर बहुधा बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा मोठा झालाय. उपाय सोपा. बाही घडी घालून दोन्ही कडा एकमेकीवर ठेवायच्या, जी जास्त आत गेलीय ती पुढची. कापतानाच तिथं कात्रीनं छोटी खाच मारून ठेवली की घोळ होत नाही.

हे सगळं मी चार मिनिटांत रेकॉर्ड केलं. नाव दिलं, ‘ब्लाउजच्या काखेत चुण्या पडतात का?’ पहिल्याच वाक्यात चुण्या पडलेला ब्लाउज दाखवला, माझा चेहरा नंतर. तो व्हिडिओ आजही चालतो. कारण यूट्यूबवर बाई ‘ब्लाउज शिकवा’ असं कमी लिहिते, तिच्यासमोर बिघडलेला ब्लाउज असतो आणि ती तोच बिघाड लिहिते. तेव्हापासून मी दुकानात एक वही ठेवली. दुरुस्तीला कोण काय बोलत आलं, ते त्याच शब्दांत लिहायचं. ‘गळा खांद्यावरून घसरतो’, ‘टक्स टोकाला फुगतात’. ही वही म्हणजे माझी व्हिडिओंची यादी.

शूटिंगला काही फार लागत नाही. मोबाइल टेबलावर वरून धरणारा स्टँड, खिडकी डाव्या हाताला, म्हणजे उजव्या हाताची सावली कापडावर पडत नाही. फिकं कापड आणि गडद दोरा घ्यायचा, नाहीतर टाके दिसतच नाहीत. माझ्या पहिल्या व्हिडिओत मरून कापडावर मरून दोरा होता, बघणाऱ्यानं काय बघावं! मशिनच्या मोटारीचा आवाज बोलणं गिळतो, म्हणून मशिन थांबवून बोलते आणि पंखा बंद ठेवते. मागं सिनेमाचं गाणं लावू नका, हक्काचा दावा येतो. वेळ मात्र काढावा लागतो. लग्नसराईत हात रिकामा नसतो. मी पितृपक्षात शूट करते, तेव्हा नवी शिलाई कमी येते. पंधरा दिवसांत आठ-दहा व्हिडिओ करून ठेवायचे आणि आठवड्याला एक सोडायचा.

आता पैशाचं. जाहिरातींचे पैसे मिळायला लांब व्हिडिओंवर चालणाऱ्या चॅनेलला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तास बघणं लागतं. त्या आकड्याच्या मागं मी लागले असते तर मजेशीर काहीतरी करत बसले असते. माझ्याकडे अस्तराच्या ब्लाउजची शिलाई 600 रुपये आहे, आणि एक बाई वर्षात पाच-सहा ब्लाउज टाकते. अशा दहा बायका जोडल्या तर जाहिरातीची वाट बघावी लागत नाही. पण त्या बायका दहा किलोमीटरच्या आतल्या लागतात. विदर्भातली बाई ‘छान समजावलं ताई’ लिहिते, बरं वाटतं, पण ब्लाउज टाकायला येत नाही. म्हणून प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीलाच म्हणते, ‘मी इचलकरंजीहून बोलतेय’, आणि दुकानाचा पत्ता गूगल मॅपवर टाकून ठेवलाय. शॉर्ट्स म्हणजे यूट्यूबवरचे छोटे उभे व्हिडिओ, त्यांच्या खालच्या वर्णनातली लिंक दाबता येत नाही, म्हणून तिथं पत्ता तोंडानंच सांगायचा. व्हॉट्सअॅपसाठी वेगळा नंबर घेतला. घरचा नंबर देऊ नका, रात्री अकराला ‘बाही किती इंच’ असं विचारतात.

लोक विचारतात, शिकवलं तर गिऱ्हाईक कमी होत नाही का? काही झाल्या. साधा बिनअस्तराचा ब्लाउज घरी शिवणाऱ्या तीन-चार जणी आता येत नाहीत. पण त्याच जणी पॅडचा, प्रिन्सेस कटचा ब्लाउज शिवायला घेऊन येतात, कारण एक बिघडवून झालेला असतो. आणि शिलाईला घासाघीस करत नाहीत. मुंढा कापायला काय लागतं, ते त्यांनी बघितलेलं असतं.

कुरिअरनं येणाऱ्या कामात मात्र मी फसले. पुण्याहून एकीनं मापाचा ब्लाउज पाठवला. तो तिनं तीन वेळा उसवून मोठा केलेला, कापड ताणलेलं. मी त्याच मापावर चार ब्लाउज शिवले, चारही छातीत सैल आणि खांद्यात उतरते. दुरुस्ती, येण्याजाण्याचं कुरिअर, सगळं माझ्या अंगावर. आता बाहेरगावच्या बाईला आधी एकच ब्लाउज शिवून देते. मापाचा ब्लाउज धुवून इस्त्री केलेला, अलीकडेच वापरलेला आणि बरोबर बसणारा मागवते. शिवाय खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची लांबी तिनं अंगावर टेप लावून पाठवायची, कारण सपाट पसरलेल्या ब्लाउजवर ती धड कळत नाही. ती कशी मोजायची याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ केलाय, त्याचीच लिंक पाठवते. तो बघून ज्या बाईनं माप पाठवलंय, तिचा पहिला ब्लाउज शिवायला घेते.

नमस्कार.