दरमहा म्हणजे नक्की किती?

मित्रहो, आज मी एका जोडप्याची गोष्ट सांगणार आहे. त्यांना आपण काका-काकू म्हणू. काका सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि २०२३ च्या जूनमध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. शेवटचा पगार बऱ्यापैकी असूनही त्यांचे निवृत्तिवेतन जेमतेम चार हजार रुपये ठरले, कारण १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत प्रत्यक्ष पगार नव्हे, तर मर्यादित वेतन धरले जाते. ही मर्यादा ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० रुपये होती, त्यानंतर १५,००० झाली; आणि या निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता मिळत नाही.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून आलेल्या चोवीस लाखांपैकी पंधरा लाख काकांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी, तर नऊ लाख काकूंच्या नावे टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्क्यांनी ठेवले. पहिल्यातून महिन्याला १०,२५०, दुसऱ्यातून ५,५५० आणि निवृत्तिवेतनाचे ४,००० असे एकूण १९,८०० रुपये झाले. गुंतवणुकीच्या वेळचा दर पाच वर्षे कायम राहत असल्याने २०२८ पर्यंत हा आकडा हलणार नव्हता.

काकांनी वहीत दरमहा अठरा हजारांचा खर्च मांडला, आणि तो आकडा पहिल्याच वर्षी तीनदा मोडला. दूध, भाजी, वीज, गॅस यांत काहीही चुकले नव्हते. खरी अडचण अशी होती की ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज महिन्याला येत नाही. ते जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला तीन महिन्यांचे मिळून ३०,७५० रुपये असे जमा होते. एकाच खात्यात एवढी रक्कम दिसली की हात सैल सुटतो, आणि तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर काका मुदत ठेव मोडण्याच्या गोष्टी बोलू लागत.

कोडे सोडवले ते काकूंनी, उन्हाळ्यात धान्य भरताना. गव्हाला एरंडेल तेल चोळता चोळता त्या म्हणाल्या, "अहो, हे गहू आपण वर्षभर खाणार, मग त्याचे पैसे एकट्या एप्रिलच्या माथी का मारायचे?" त्या संध्याकाळी दोघांनी मागच्या वर्षीच्या पावत्या काढल्या आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे लिहिले. धान्य-डाळींचे १३,०००, घरपट्टीचे ४,०००, आरोग्य विम्याच्या हप्त्याचे २४,००० आणि दिवाळी व आहेर यांचे १३,००० मिळून चोपन्न हजार झाले, म्हणजे महिन्याला ४,५००. तेव्हा हाती खेळणारा पैसा १९,८०० नव्हताच, तो १५,३०० होता. माझ्या मते त्यांच्या साऱ्या हिशेबातला महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि तो बहुतेकांच्या वहीत नसतो.

मग त्यांनी दुसरे बचत खाते उघडले आणि तिमाही व्याज तिकडे वळवले. तिथून दर महिन्याच्या पाच तारखेला ५,७५० रुपये घरखर्चाच्या खात्यात यावेत, अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेत दिली. निवृत्तिवेतन आणि टपाल खात्याचे व्याज मिळून ९,५५० तिथे येतच होते, त्यामुळे घरखर्चाला बरोबर १५,३०० मिळू लागले, आणि उरलेले ४,५०० दुसऱ्या खात्यात आपोआप साठू लागले. या खात्याचे एटीएम कार्ड काकूंनी घेतलेच नाही.

ही व्यवस्था पहिल्यांदा डळमळली ती विम्याच्या हप्त्याने. वय वाढले तसा तो पुढच्या वर्षी २७,००० झाला, म्हणजे दरमहा अडीचशे रुपये जास्त. उत्पन्न वाढणार नसताना काही वाढले तर दुसरीकडे तेवढेच कमी व्हावे लागते. घरखर्चाकडे येणारी रक्कम त्यांनी ५,५०० वर आणली आणि डॉक्टरांना विचारून काकांच्या मधुमेहाच्या गोळ्या त्याच घटकाच्या जेनेरिक घेतल्या. दुधाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरले होते, आणि ते मला फार योग्य वाटते. साठीत पोटाला चिमटा काढून केलेली बचत पुढे दवाखान्यातच जाते.

शेवटी एक प्रश्न काकूंनीच काढला. "तुमच्या मागे मला काय मिळेल?" काका गप्प झाले, पण त्यांनी वही पुढे ओढली. या योजनेत पतीच्या पश्चात पत्नीला निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे निम्मे मिळते, म्हणजे दोन हजार. ठेवींचे व्याज सुरू राहिले, तर उत्पन्न १७,८०० होते. काकांनी पानाच्या उजवीकडे काकूंच्या नावाचा दुसरा रकाना आखला, त्यात हा आकडा लिहिला आणि खाली बचत योजनेतील नामनिर्देशनाच्या पावतीचा क्रमांक टिपून ठेवला. आता दर एप्रिलला, धान्य भरून झाले की, दोघे मिळून दोन्ही रकाने नव्याने लिहितात.